किंमत कमी लिहिली, आता भरपाई कुणाकडे मागायची?

प्रश्न : "परदेशी दुकान माझ्या देशात माल पाठवत नव्हतं, म्हणून फॉरवर्डिंग कंपनीचा तिथला पत्ता घेऊन 400 डॉलरचा टर्नटेबल मागवला. ड्यूटी वाचावी म्हणून फॉर्ममध्ये किंमत 90 डॉलर लिहिली, विमा घेतला नाही. पार्सल विमानाने कुरियरमार्फत आलं. उघडलं तर टोनआर्म मोडलेला. दुकान म्हणतं, आमची डिलिव्हरी तुमच्या पत्त्यावर नीट झाली. फॉरवर्डर म्हणतो, अटींप्रमाणे लिहिलेल्या किमतीइतकेच, म्हणजे 90 डॉलर मिळतील. पार्सल हातात पडून नऊ दिवस झाले. दावा लावला तर पूर्ण 400 मिळतील का?"

उत्तर : पुढचं वाचण्याआधी एक पत्र पाठवा. मॉन्ट्रियल करार 1999 हा विमानाने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा कायदा. माल जिथून निघाला आणि जिथे पोचला ते दोन्ही देश या करारात असतील तर तो तुम्हाला लागू होतो, आणि बहुतेक देश आहेत. त्याच्या कलम 31 प्रमाणे मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत गेली पाहिजे. नाही गेली, तर वाहतूकदाराने लबाडी केली असेल तेवढा प्रसंग सोडून दावाच चालत नाही. तुमचे नऊ दिवस फॉरवर्डरशी चॅटवर वाद घालण्यात गेले. तो वाद तुम्ही जपून ठेवला असेल तर ठीक, पण त्यावर विसंबू नका. फॉरवर्डर आणि कुरियर या दोघांनाही आजच ईमेल करा: पार्सलचा क्रमांक, मिळाल्याची तारीख, काय मोडलं आहे, आतल्या-बाहेरच्या वेष्टनाचे फोटो. खोका फेकू नका. आणि या पत्रात रक्कम लिहू नका. तक्रारीत आकडा हवाच अशी अट करारात नाही, आणि तो आज का लिहायचा नाही ते पुढे येतं आहे.

दुकानाला सोडून द्या. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर माल धडधाकट पोचला असेल तर साधारणपणे त्याची जबाबदारी तिथेच संपते. तो पत्ता गोदामाचा होता, हे त्याने पाहायचं कारण नाही.

आता त्या 90 डॉलरच्या अटीकडे. असे प्रश्न विचारणारे जवळजवळ सगळे या अटीपाशी येऊन हताश होतात, पण खरी अडचण ती अट नाही. विमानप्रवासात माल बिघडला तर वाहतूकदाराची जबाबदारी किलोमागे 26 एसडीआरपर्यंत आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक असून ते डॉलरपेक्षा महाग आहे. ही मर्यादा डिसेंबर 2024 अखेर 22 वरून 26 झाली. तुमचं पार्सल नऊ किलोचं धरलं, तर कमाल मर्यादा 234 एसडीआर होते, म्हणजे 90 डॉलरच्या कितीतरी वर. कलम 26 सांगतं की करारातल्यापेक्षा कमी मर्यादा घालणारी अट रद्दबातल ठरते. फॉरवर्डर स्वतःच्या नावाने वाहतूक घेणारा होता की फक्त तुमचा एजंट, यावर वाद होईल. त्याच्या अटी वाचल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही. माल टपाल खात्यामार्फत आला असता तर हा करार लागूच झाला नसता. पण कुरियर मधे असल्यामुळे तुमच्यापुढे एक रस्ता नक्की आहे.

तो अडवणारा आकडा तुम्ही स्वतः लिहिलेला आहे. मर्यादा कितीही असो, झालेलं नुकसान सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी 400 डॉलरचं बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट पुढे करावं लागेल. कस्टम्स मूल्य म्हणजे मालासाठी प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत, हे जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारातलं मूळ तत्त्व आहे. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही 400 चं बिल दाव्याला जोडाल, त्या दिवशी कस्टम्सला 90 सांगितल्याची कबुली तुमच्याच सहीने तयार होईल. फॉरवर्डरचा वकील ती वापरणार नाही अशी आशा ठेवू नका. खोट्या मूल्याबद्दल दंड किती, माल जप्त होतो का, हे देशागणिक बदलतं. पण चूक पकडली जाण्याआधी स्वतःहून कळवून फरकाची ड्यूटी भरली तर अनेक देशांत दंड सौम्य होतो किंवा टळतो. म्हणून क्रम असा: आज तक्रार, मग स्थानिक कस्टम्स सल्लागारामार्फत मूल्यदुरुस्ती, आणि त्यानंतरच रकमेची मागणी. दाव्यासाठी दोन वर्षं असतात, तिथे घाई नाही.

हे सगळं वाचवलं किती यासाठी? ते तुम्ही कधी मांडून पाहिलेलं दिसत नाही, म्हणून मी मांडतो. दर तुमच्या देशाचे वेगळे असतील. इथे ड्यूटी 10 टक्के आणि तिच्यावर विक्रीकर 20 टक्के धरू. खोका 55 गुणिले 45 गुणिले 30 सेंटिमीटर. अनेक कुरियर घनफळ 5000 ने भागून वजन ठरवतात. ते येतं 14.85 किलो, म्हणजे खरं वजन नऊ असलं तरी भाडं 15 किलोचं. किलोला आठ डॉलर धरले तर 120. बहुतेक जण इथेच फसतात, कारण दुकानाच्या पानावर फक्त मालाचं वजन असतं, पॅकिंगचं माप नसतं. 400 मध्ये भाड्याचे 120 आणि विम्याचे 5 मिळवले की 525. बऱ्याच देशांत या एकूण आकड्यावर ड्यूटी बसते. काही देश आंतरराष्ट्रीय भाडं धरत नाहीत, ते आधी तपासावं. ड्यूटी 52.50, मग 577.50 वर कर 115.50. घरपोच 693, शिवाय कुरियर ड्यूटी आगाऊ भरण्याचे जे काही शुल्क लावील ते वेगळं.

90 लिहून आणि विमा न घेता हाच हिशेब केला तर करपात्र रक्कम 210 होते, आणि ड्यूटी व कर मिळून 67.20. खऱ्या किमतीवर ते 168 होते. म्हणजे वाचले 100.80 आणि विम्याचे पाच. एवढ्यासाठी तुम्ही 310 डॉलरची भरपाई वादात लोटलीत. आणि 693 हा आकडा आधी दिसला असता, तर कदाचित तुम्ही ही खरेदी केलीच नसती.

फॉरवर्डरच्या फॉर्ममध्ये कस्टम्ससाठीची किंमत आणि वाहतुकीसाठी जाहीर केलेली किंमत हे दोन वेगळे रकाने असतात, निदान असायला हवेत. दुसरा भरून जादा शुल्क दिलं तर 26 एसडीआरची मर्यादा मागे पडते आणि जाहीर केलेल्या रकमेपर्यंत भरपाई मागता येते. तुमच्या फॉर्ममध्ये तो रकाना होता का, आणि तुम्ही तो रिकामा सोडलात का, ते आज शोधून स्क्रीनशॉट काढून ठेवा. ऑर्डर जुनी झाली की असे फॉर्म पाहायला मिळतीलच असं नाही.

शेवटचं म्हणजे, तुमचं नुकसान 400 आहे हेही मी गृहीत धरत नाही. मोडला आहे टोनआर्म, अख्खा टर्नटेबल नव्हे. आधी दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक घ्या, कारण भरपाई बहुधा तेवढीच मिळेल. ते 90 च्या आत आलं, तर फॉरवर्डरची ऑफर घ्या. तीनशे डॉलरच्या फरकासाठी दुसऱ्या देशातल्या कंपनीवर दावा लावून तारखांमागून तारखा मोजणं मी कुणाला सुचवत नाही. अंदाजपत्रक 90 च्या वर गेलं, तर वरचा क्रम पाळा. पैसे घेताना पावतीवर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतील तर आकडा पटल्याशिवाय सही करू नका. आणि कस्टम्सची दुरुस्ती दोन्ही परिस्थितींत करायचीच आहे, भरपाई मिळो वा न मिळो.