छापील मुहूर्त आणि आपली दोन नक्षत्रं

प्रश्न: मुलीचं नक्षत्र पुष्य (कर्क), मुलाचं श्रवण (मकर). पत्रिका जुळली आहे. गुहागरला घरच्या अंगणात, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात लग्न करायचं आहे. कॅलेंडरात छापलेला कोणताही विवाह मुहूर्त घेतला तर चालेल ना?

ताई, छापील मुहूर्त सगळ्या महाराष्ट्रासाठी काढलेले असतात. गुरु-शुक्राचा अस्त, अधिक महिना, नको ती नक्षत्रं हे त्यात आधीच गाळलेलं असतं (२०२६ च्या पंचांगात १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, मग त्या काळात शोधण्यात अर्थच नाही). पण तुमचं पुष्य आणि तुमच्या जावयाचं श्रवण छापणाऱ्याला कुठून माहीत असणार? ती चाळणी आपल्यालाच लावावी लागते.

लग्नाला साधारण अकरा नक्षत्रं घेतात: रोहिणी, मृग, मघा, उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, उत्तराषाढा, उत्तराभाद्रपदा आणि रेवती. यातलं मृग म्हणजे चंद्र मृग नक्षत्रात असलेला दिवस, आपला जूनमधला मिरग नव्हे, तो सूर्याचा. आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी हा घोळ घालतोच.

आता ताराबळ. जन्मनक्षत्रापासून, ते धरून, लग्नदिवसाच्या नक्षत्रापर्यंत बोटांवर मोजायचं. नवापेक्षा जास्त आलं तर नऊ-नऊ वजा करत जायचं. उरलेला आकडा ३, ५ किंवा ७ असेल तर विपत, प्रत्यरी, वध, म्हणजे ते नक्षत्र सोडायचं. मुलीचं करून बघा: पुष्य एक, आश्लेषा दोन, मघा तीन. मघा गेलं. तसंच मूळ. पाचव्याने उत्तरा आणि उत्तराषाढा गेली, सातव्याने मृग. मुलाकडून मोजलं की स्वाती तिसरी, अनुराधा आणि उत्तराभाद्रपदा पाचव्या, मघा-मूळ सातवी. अकरातली उरली तीन: रोहिणी, हस्त, रेवती.

या तिघांना चंद्रबळही लावा. दोघांच्या राशीपासून त्या दिवशीचा चंद्र चौथा, आठवा, बारावा नको. रोहिणीला चंद्र वृषभेत, हस्ताला कन्येत, रेवतीला मीनेत असतो. कर्केपासून ते अकरावा, तिसरा, नववा आणि मकरेपासून पाचवा, नववा, तिसरा येतात. तिन्ही ठीक.

ताऱ्यांवरून बघाल तर रेवती सर्वात चांगली, मुलीला दुसरी म्हणजे संपत आणि मुलाला सहावी म्हणजे साधक. पण तुम्हाला मेचा दुसरा पंधरवडा हवा आहे. तेव्हा सूर्य वृषभेत असल्यामुळे रेवती साधारण वद्य एकादशी ते त्रयोदशीला येते, चंद्र अगदी क्षीण. रोहिणी तर अमावास्येच्या अंगावरच. हस्त मात्र शुद्ध दशमी ते द्वादशीला पडतं, चंद्र भरत आलेला. म्हणून मी हस्ताला पहिली पसंती देईन. त्यात एक खोट आहे: मुलाला ती जन्मतारा येते (श्रवणापासून एकोणिसावं, अठरा वजा केले की एक). काही गुरुजी ती लग्नाला घेतात, काही घेत नाहीत. तुमच्या गुरुजींना आधीच विचारा, नाहीतर पत्रिका छापल्यावर वाद होतो.

आणखी एक, हस्ताच्या दिवशी शुद्ध एकादशी आली तर तिच्या उत्तरार्धात भद्रा असते. पंचांगात 'भद्रा' किंवा 'विष्टी' कधीपासून कधीपर्यंत ते बघून ती वेळ टाळा.

खरी चूक होते ती नक्षत्र संपण्याच्या वेळेत. कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलेलं नक्षत्र सूर्योदयाचं असतं आणि पुढे 'पर्यंत' म्हणून वेळ दिलेली असते, ती बारीक टायपात. माझ्या पुतणीच्या लग्नात मीच फसलो. चौकोनात अनुराधा बघून तारीख धरली, मुहूर्त दुपारी साडेबाराचा ठरवला, आणि अनुराधा सकाळी साडेदहालाच संपत होती. पुढे ज्येष्ठा, लग्नाला वर्ज्य. साखरपुड्याच्या पाटावर गुरुजींनी पंचांग उघडलं तेव्हा कळलं. मग मुहूर्त सकाळी सव्वानऊला आणला आणि वऱ्हाडाला पहाटे चारला निघायला लावलं. वहिनी अजून ऐकवतात.

तुमच्या बाबतीत तर जास्त जपायला हवं, कारण हस्त संपलं की चित्रा, आणि चित्रा मुलीला सातवी! म्हणजे त्या दिवशी काही मिनिटांच्या उशिरानेही सगळं उलटतं. मुहूर्त हस्त संपण्याच्या निदान तासभर आधीचा घ्या. मुंबईचं पंचांग असलं तरी नक्षत्र संपण्याची वेळ गुहागरला तीच. फक्त सूर्योदय आणि लग्नराशीच्या वेळा थोड्या सरकतात, त्या गुरुजी बसवून देतील.

त्या वर्षी तुमच्या पंधरवड्यात हस्त आलंच नाही, तर ओढाताण करू नका. मेच्या सुरुवातीला सरका, तेव्हा रोहिणी शुद्ध तृतीयेच्या आसपास मिळते. मुलीला ती साधक येते, मुलाला हस्तासारखीच जन्मतारा. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी गुरुजींकडून नक्षत्र, तिथी आणि भद्रेची वेळ एका कागदावर लिहून घ्या.