वही छापल्यासारखी, पेपरात हृदय अडकतं

"मॅडम, पोरगी बारावी सायन्सला आहे. आकृत्या काढण्यात तास न् तास घालवते, वही बघाल तर छापल्यासारखी. पण पेपरात हृदयाची आकृती आली की निम्म्यात अडकते आणि नावं भलत्याच जागी पडतात. चित्रांचा नाद सोडून नुसती उत्तरं पाठ कर, असं सांगू का तिला?" – एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

नका सांगू, असंच मी त्यांना म्हणाले आणि दोघींना बोलावून घेतलं. येताना वही आणा, पुस्तक आणा आणि चार कोरे कागद आणा, एवढंच सांगितलं.

वही खरोखरच देखणी होती. रेघा स्वच्छ, शेडिंग सुबक, नावं एका ओळीत. मी वही मिटून बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर हृदय काढायला सांगितलं. तिनं आधी बाहेरचा आकार काढला, अगदी डौलदार. मग आत चार कप्पे, वरचे दोन एट्रियम आणि खालचे दोन व्हेंट्रिकल. वर तीन-चार नळ्या काढल्या आणि तिथं पेन्सिल थांबली. कुठली नळी कुठल्या कप्प्यातून निघते हे तिला ठरवता येईना. शेवटी पल्मनरी आर्टरी तिनं लेफ्ट व्हेंट्रिकलला जोडली. कागदाच्या उजव्या बाजूला 'राईट एट्रियम' लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा तेच लिहिलं.

आता कागद बाजूला ठेव आणि रक्ताचा प्रवास तोंडी सांग, म्हटलं. तो तिनं न अडखळता सांगितला. अशुद्ध रक्त राईट एट्रियममध्ये, तिथून राईट व्हेंट्रिकल, तिथून पल्मनरी आर्टरीनं फुप्फुसांकडे, सगळं बरोबर. मग मी पुस्तकातली आकृती उघडून नावांवर पट्टी ठेवली आणि विचारलं, "आत्ता म्हणालीस ती आर्टरी कुठून निघते, बोट ठेव." बोट पुन्हा डाव्या व्हेंट्रिकलवर गेलं. का, विचारल्यावर तिनं दिलेलं उत्तर फार मोलाचं होतं : "वरच्या टोकाला ती आपल्या उजव्या हाताला दिसते की मॅडम, मग तिकडनंच निघत असणार."

तिचं निरीक्षण बरोबर होतं. पल्मनरी आर्टरीचं खोड राईट व्हेंट्रिकलमधून निघतं, सगळ्या शरीराला रक्त नेणाऱ्या एओर्टाच्या पुढून तिरकं वर जातं आणि एओर्टाच्या कमानीखाली फुटून दोन फुप्फुसांकडे वळतं. त्यामुळे तिचा वरचा भाग शरीराच्या डाव्या बाजूला, म्हणजे कागदावर आपल्या उजव्या हाताला दिसतो. नक्कल करताना हात ही तिरकी रेघ बिनचूक काढतो, कारण समोर पुस्तक असतं. ती रेघ तिरकी का, हा प्रश्न मनात येतच नाही. या मुलीकडे शब्द होते, चित्रही होतं, पण दोन्ही वेगवेगळे पाठ झाले होते. एकात चूक झाली तर दुसऱ्यानं सावरायला हवं, ते होत नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा आम्ही बाहेरचा आकारच सोडून दिला. साधा चौकोन काढून त्याचे चार भाग केले. उजवं-डावं पक्कं व्हावं म्हणून तिला आईसमोर उभं केलं. आईचा उजवा हात लेकीच्या डाव्या बाजूला येतो, आणि पुस्तकातलं हृदय अशाच समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं. म्हणून कागदाच्या डाव्या बाजूला 'राईट' लिहायचं. एवढ्यानं तिची खाडाखोड थांबली.

मग नियम एकच : रक्त जिथं जाईल तिथंच पेन्सिल जाईल, आणि रेघ ओढताना त्या भागाचं नाव तोंडानं म्हणून लगेच त्याच्या शेजारी लिहायचं. सगळं चित्र झाल्यावर शेवटी नावं लावायची नाहीत. शरीराकडून अशुद्ध रक्त आणणाऱ्या दोन व्हेना केव्हा वरून आणि खालून राईट एट्रियममध्ये. तिथून खाली ट्रायकस्पिड झडप, मग राईट व्हेंट्रिकल, आणि त्यातूनच ती तिरकी पल्मनरी आर्टरी. हृदयापासून दूर नेते म्हणून आर्टरी, आतलं रक्त अशुद्ध असलं तरी. फुप्फुसांकडून परत येणाऱ्या पल्मनरी व्हेन चार, त्या लेफ्ट एट्रियममध्ये. खाली बायकस्पिड झडप, मग लेफ्ट व्हेंट्रिकल. इथं भिंत मुद्दाम जाड काढायची, उजवीच्या साधारण तिप्पट, आणि शेजारी चार शब्द लिहायचे : 'सगळ्या शरीराला रक्त ढकलते'. शेवटी एओर्टा. जाड भिंत दिसली की ते वाक्य आठवतं आणि वाक्य आठवलं की भिंत जाड निघते. एक मार्काचा 'कारण द्या' प्रश्न तिथंच सुटतो.

काढून झालं की पुस्तक उघडायचं आणि चुकलेलं, राहिलेलं सगळं लाल पेननं त्याच कागदावर दुरुस्त करायचं. खोडरबर वापरायचा नाही, कारण पुढच्या वेळी कुठं लक्ष द्यायचं हे ती लाल शाईच सांगते. तिच्या पहिल्या कागदावर लाल शाई पल्मनरी व्हेनवर होती (चारऐवजी एकच काढली होती) आणि त्या तिरक्या आर्टरीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक न उघडता पुन्हा कच्ची आकृती, मग तीन-चार दिवस सोडून, मग आठवड्यानं. पुस्तक मिटून लगेच काढलेली आकृती बहुधा बरोबर येते, पण तिच्यावर विश्वास ठेवू नये. मध्ये रात्र गेली की खरं काय उरलंय ते कळतं.

सुरुवातीला तिला हे फार जड गेलं. कच्ची आकृती विद्रूप दिसायची आणि तिचा हात शेडिंगकडे वळायचा. तिथं मी आईंना काम दिलं. त्यांनी बायोलॉजी शिकलेलं नाही, पण पुस्तक हातात धरून दोनच प्रश्न विचारायचे : "हे रक्त आलं कुठून? आता जातं कुठं?" उत्तर देताना लेकीचं बोट चित्रावर फिरलंच पाहिजे. कधी त्यांनी नावं झाकून बाण दाखवायचे, कधी नुसती नावांची चिठ्ठी देऊन चित्र काढायला लावायचं. दोन्ही बाजूंनी सराव लागतो, कारण पेपरात कधी आकृती काढायला येते, कधी दिलेल्या आकृतीला नावं द्यायला.

महिनाभरानं कॉलेजच्या चाचणीत हृदय आलं. या वेळी आर्टरी योग्य कप्प्यातून निघाली होती. एक मार्क गेला तो नावांच्या रेघा एकमेकींवरून गेल्यामुळे. ती वेगळी सवय आहे : पट्टीनं सरळ रेघ, टोक त्या भागाला टेकलेलं, नावं शक्यतो एका बाजूला. सुबकपणाचा सराव या शेवटच्या पक्क्या आकृतीवर जरूर करावा, तोवर नाही.

ही रीत सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही. पानाच्या छेदात प्रवास नसतो, तिथं वरच्या एपिडर्मिसपासून खाली थरांच्या क्रमानं जावं. भिंगाची किरणाकृती तर पाठ करूच नये. वस्तूची जागा बदलली की पाठ केलेलं चित्र चुकतं, म्हणून मुख्य अक्षाला समांतर जाणारा एक किरण आणि भिंगाच्या मध्यातून जाणारा दुसरा काढून प्रतिमा कुठं पडते ते बघावं. आणि धडा एकदाही समजून वाचलेला नसेल तर कोऱ्या कागदासमोर बसून काहीच हाती लागत नाही.

या मुलीनं आता नेफ्रॉन, म्हणजे किडनीतली रक्त गाळणारी बारीक नळी, घेतलाय. तिथंही आईंचे तेच दोन प्रश्न चालतात, फक्त वाटा दोन आहेत : रक्ताची वेगळी आणि गाळलेल्या द्रवाची वेगळी. ग्लोमेरुलस या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुच्छात रक्त आणणारी नळी रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद, त्यामुळे आत दाब वाढतो आणि गाळणं होतं. तिच्या परवाच्या कागदावर दोन्ही नळ्या सारख्याच निघाल्यात आणि त्यावर लाल शाई आहे. पुढच्या आठवड्यात ती आकृती ती पुन्हा काढणार आहे.