नारिंगी कागदाच्या भरवशावर

"जूनमध्ये आम्ही पुण्याहून शारजाला राहायला चाललो आहोत. चार वर्षांची गाडी आहे, तिचा फुल इन्शुरन्स आहे. ती सोबत नेता येईल का? आणि भाऊ मस्कतला असतो, त्याच्याकडे गाडीने अधूनमधून जायचा विचार आहे. एकच पॉलिसी दोन्हीकडे चालते का, ताई?"

व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातलं "मस्कत" वाचलं आणि राहवलं नाही. त्या रस्त्यावरचा एक हिशोब माझ्या डोक्यात अजून बंद झालेला नाही.

आधी पुण्याची गाडी. ती विकून टाका. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीची नोंदणी यूएईत होत नाही. कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कागद, काढून गाडी नेता येते, पण ती फिरून परत आणण्यापुरती, राहायला जाणाऱ्याच्या कामाची नाही. राहिली तुमची पॉलिसी. ती भारताच्या हद्दीतच चालते. जादा हप्ता भरून हद्द वाढवून मिळते, पण ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत. आखात त्या यादीत नाही. शिवाय या वाढीव हद्दीतही गाडी जहाजावर किंवा विमानात असतानाचं नुकसान स्पष्टपणे वगळलेलं असतं. म्हणजे श्रीलंकेला न्यायची म्हटली तरी समुद्रातला विमा वेगळा काढावा लागतो.

विकताना एक काम मात्र विसरू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. गाडी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचे कागद कंपनीला देऊन बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. ते तीन वर्षं चालतं. आम्ही मागितलं नाही, कारण "आता कुठे परत येतोय!" असं वाटलं होतं. यूएईत आल्यापासून अडीच वर्षांतच, सासरे आजारी पडल्यावर, नवरा वर्षभर परत गेला, तिकडे गाडी घेतली आणि पूर्ण हप्ता भरला. त्यावरून झालेलं भांडण हप्त्यापेक्षा महाग पडलं, पण ते असो.

आता इथली गाडी. इथे लोक दोनच शब्द वापरतात, "थर्ड पार्टी" आणि "फुल". थर्ड पार्टी म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान, फुल म्हणजे त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसानही आलं. विम्याशिवाय मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीकार्ड, मिळत नाही. त्यामुळे विमा काढायचा राहून जाईल अशी भीती नको. भीती दुसरीच आहे. रेसिडेन्स व्हिसा लागला की भारताच्या लायसन्सवर गाडी चालवता येत नाही, इथलं लायसन्स काढावं लागतं. मधल्या काळात "दोन गल्ल्या तर जायचंय" म्हणून कोणी चालवली आणि ठोकली, तर कंपनी समोरच्याला पैसे देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. विमा असूनही नसल्यासारखा.

आणि आता मस्कत. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर तपशिलाचा तक्ता असतो, त्यात हद्दीची एक ओळ असते. तिथे फक्त यूएई लिहिलंय की यूएई आणि ओमान, ते बघा. ओमानला जाताना दोन वेगळ्या गोष्टी लागतात, आणि गंमत अशी की सीमेवर त्यातली एकच विचारतात.

पहिली गोष्ट ऑरेंज कार्ड. अरब देशांनी 1975 साली ट्युनिसला करार केला, त्यातून हे कार्ड आलं. तुमची यूएईची कंपनीच ते देते. ज्या देशात जाल तिथल्या कायद्याप्रमाणे, तुम्ही तिथे कोणाचं नुकसान केलं तर ते भरून देण्याची ही हमी. तिथला कार्डाचा ब्युरो समोरच्याचा दावा बघतो आणि नंतर आपल्या देशातल्या ब्युरोशी हिशोब करतो. म्हणजे हे कार्ड समोरच्यासाठी आहे. तुमच्या गाडीला त्यातून एक दिरहम मिळत नाही. कार्ड नसेल तर सीमेवरच्या खिडकीवर तात्पुरता विमा विकत मिळतो, तोही थर्ड पार्टीच.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या फुल पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी ओमानची हद्द जोडून घेणं. काही पॉलिसींत ती आधीच असते, काहींत थोडे पैसे भरून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं बदलाचं पान, घ्यावी लागते. थर्ड पार्टी पॉलिसीला हे जोडताच येत नाही, कारण जोडायला मूळ संरक्षणच नसतं.

आमची पॉलिसी फुल होती. रिन्यू करताना फॉर्मवर ओमानचा एक चौकोन होता, टिक करायचा की नाही म्हणून मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, "ऑरेंज कार्ड दे दिया ना मॅडम, सब कव्हर है." मी चौकोन रिकामा सोडला. घरातले कागद मीच बघते, म्हणजे बघायचे.

गणपतीत मस्कतला निघालो. तिथल्या मराठी मंडळाची आरती, ओळखीची दोन घरं, एवढ्यासाठी साडेचारशे किलोमीटर. कलब्याहून खत्मत मलाहाची सीमा ओलांडली. कार्ड बघितलं, शिक्का मारला. सोहारच्या अलीकडे पुढची पिकअप अचानक थांबली आणि आम्ही मागून आदळलो. मागून धडकणारा चुकीचा, त्यात वाद नव्हता. रॉयल ओमान पोलिसांचा माणूस आला, शांतपणे कार्डवरचा नंबर उतरवून घेतला. पिकअपवाल्या काकांनी आम्हाला पाण्याच्या बाटल्या दिल्या. त्यांच्या गाडीचं सगळं काम कार्डातून झालं, आम्हाला पुढे एक फोनसुद्धा आला नाही. इथवर एजंट खरा होता.

आमचा रेडिएटर फुटला होता, बॉनेट वाकलं होतं, एक हेडलाइट गेला होता. ओमानच्या रिकव्हरीने गाडी सीमेपर्यंत सोडली, 55 रियाल. एका रियालला साधारण साडेनऊ दिरहम धरा, म्हणजे सव्वापाचशे दिरहम. पलीकडून इकडची रिकव्हरी, 400. गॅरेजचं बिल 7,300. बेरीज केली तर सव्वाआठ हजारांच्या घरात. कंपनीला पोलिस रिपोर्ट दिला, दोन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं : अपघाताचं ठिकाण पॉलिसीच्या हद्दीबाहेर. ती टिक केली असती तर गॅरेजच्या बिलातले आमच्या पॉलिसीप्रमाणे सुरुवातीचे 700 दिरहम आमचे आणि बाकीचे कंपनीचे होते. रिकव्हरीचे पैसे मात्र तरीही बहुधा आमच्याच खिशातून गेले असते. ते वेगळ्या सेवेत येतं आणि त्याची हद्दही वेगळी लिहिलेली असते, तीही विचारून ठेवा.

तो पोलिस रिपोर्ट क्लेम मिळणार नसला तरी सोडू नका. यूएईत अपघातात आपटलेली गाडी पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेज हातात घेत नाही. ओमानमधून वाकलेलं बॉनेट घेऊन परत याल आणि तिथला शिक्क्याचा कागद नसेल, तर आधी हे कुठे झालं याचीच उत्तरं देत बसाल. आमचा रिपोर्ट अरबीत होता, म्हणून नवरा त्या संध्याकाळी ठाण्यावर थांबायला कंटाळला होता. "कशाला हवाय, आपलीच तर चूक आहे," म्हणत होता. मी हट्टाने थांबले. त्या दिवशी मी एवढं एकच बरोबर केलं.

कार्ड हातात आलं की चॅसी नंबर आणि प्लेटचा कोड मुल्कियाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकदा एक आकडा चुकला म्हणून सीमेवर आम्हाला दुसरा विमा घ्यावा लागला होता. गाडी कर्जावर असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, भाड्याची असेल तर भाड्याच्या कंपनीचं. आणि मधा नावाचं गाव लक्षात ठेवा. फुजैराकडे फिरायला जाल तेव्हा लागेल. चारी बाजूंनी यूएई, पण गाव ओमानचं. ना चौकी, ना शिक्का, तुम्ही सहज आत जाता. पॉलिसीच्या दृष्टीने मात्र तुम्ही ओमानमध्ये आहात.

भाऊ तिथे आहे, उद्या तुमचीच बदली मस्कतला झाली तर? मग कार्डावर भागत नाही. कार्ड पाहुण्यासाठी असतं. गाडी तिकडे नेऊन ओमानची प्लेट आणि ओमानची पॉलिसी घ्यावी लागते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मूल असेल तर त्याचा शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही भारतातून निघण्याआधीच साक्षांकित करून घ्या. आमच्या मुलीचा दाखला अस्सल होता, मुख्याध्यापिकेची सही होती, फक्त पुढचे शिक्के नव्हते. मी समजले, सही आहे म्हणजे झालं. पाच आठवडे ती घरी बसली, खिडकीतून शाळेची बस बघत. आज ती कॉलेजात आहे आणि तिला त्यातलं काही आठवत नाही. मला आठवतं. त्या चौकोनासारखीच ती चूक, कागदात आहे त्यापेक्षा जास्त मी वाचलं.

एकटेपणाचं लोक फार सांगतील. पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते, एवढंच.

सव्वाआठ हजार फेडायला आम्हाला तीन महिने लागले, त्या दिवाळीचं तिकीट रद्द केलं. सासरे त्याच हिवाळ्यात आजारी पडले. नवऱ्याने मला कधी बोल लावला नाही. त्याने लावला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं, पण हे तुम्हाला सांगून काय उपयोग!

तुमच्या कामाचं एवढंच की एजंटला फोनवर विचारू नका. मेसेज करा : "माझ्या गाडीचं स्वतःचं नुकसान ओमानमध्ये झालं तर पॉलिसी देते का, एका फेरीत किती दिवस, आणि चालक व घरच्यांचा अपघात विमा तिथे लागू आहे का?" उत्तर "हो" आलं तर ती एन्डॉर्समेंट पीडीएफमध्ये मागा आणि तिच्यावर तुमचाच पॉलिसी नंबर आहे ना, ते बघा.

आमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता ते पान छापून ठेवलेलं असतं. गेल्या महिन्यात मस्कतला गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसाने मुल्किया घेतलं, ऑरेंज कार्ड घेतलं. मी ते तिसरं पानही पुढे केलं. त्याने न बघताच परत दिलं.