चावलेली जखम आणि 'दहा दिवस बघू'

प्रश्न : कुत्रा चावला तिथे लगेच हळद आणि चुना लावला. चालेल ना?
नाही. धुऊन काढा आणि दवाखान्यात जा.

प्रश्न : जखम पाण्याने धुतली. तेवढं पुरे ना?
किती वेळ धुतली? घड्याळ लावून 15 मिनिटं, साबणाने, वाहत्या नळाखाली. नळाला पाणी नसेल तर मगाने सतत ओतत राहा. रेबीजच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. नंतर पोव्हिडोन आयोडिन लावा, पट्टी करकचून बांधू नका. टाके शक्यतो टाळतात. घालावेच लागले तर आधी जखमेत सीरम, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिद्रव्यं.

प्रश्न : सोसायटीतला कुत्रा मुलाच्या पोटरीला चावला, रक्त आलं. ओळखीचा आहे. दहा दिवस लक्ष ठेवू, काही वाटलं तर इंजेक्शन घेऊ?
हे ऐकून कंटाळा आला आहे. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवतात ते सुरू केलेले डोस पुढे द्यायचे की थांबवायचे, हे ठरवायला. सुरुवात लांबवायला नव्हे! विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी याहून कमी. ताप, जखमेपाशी मुंग्या, पाणी बघून घशाला आचके अशी लक्षणं दिसली की लस उपयोगाची नसते. माणूस जवळजवळ नक्कीच जातो.

समजा चावा रविवारी संध्याकाळी झाला. पहिला डोस त्याच दिवशी, दुसरा बुधवारी, तिसरा पुढच्या रविवारी, शेवटचा 28व्या दिवशी. हे त्वचेत देण्याचं वेळापत्रक झालं. स्नायूत देतात तेव्हा 14व्या दिवशीही एक असतो. पण लसीची ताकद अंगात यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. रक्त आलेल्या जखमेला ती मधली फट सीरम भरून काढतं. घोड्याच्या सीरमचा हिशोब किलोला 40 युनिट, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 800. ते जखमेत आणि भोवती टोचतात, नुसतं दंडात नाही. 'सीरम संपलंय, लस पुरे' असं कोणी म्हणालं तर तिथे थांबू नका, महापालिकेच्या रुग्णालयात विचारा. पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंत ते देता येतं, पण तोवर थांबायचं कशाला?

प्रश्न : नॅशनल पार्कात माकडाने नुसतं ओरबाडलं, रक्त नाही. त्यालाही?
हो. दहा दिवसांचा नियम फक्त कुत्रा-मांजरासाठी. माकड कुठे शोधणार? धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. कातडी फाटली असेल तर सीरमही. माकडाच्या चाव्याला वेगळं काही औषध लागेल का, तेही डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पोटात चौदा इंजेक्शनं?
ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात घेतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी पूर्ण कोर्स झाला होता. पुन्हा सगळं?
नाही. दोनच डोस, आज आणि तीन दिवसांनी, सीरम नाही. मात्र जुना कागद सोबत न्या. कोर्स अर्धवट सोडला असेल तर तसं सरळ सांगा, म्हणजे डॉक्टर नव्याने ठरवतील.