मागच्या बेरजेचा हातचा

प्रश्न: «आठ बिटचा सिरियल अ‍ॅडर ब्रेडबोर्डवर जोडलाय. एक फुल अ‍ॅडर, हातच्यासाठी ७४७४ फ्लिप-फ्लॉप, आकड्यांसाठी दोन ७४१६५ शिफ्ट रजिस्टरं. बेरजा बरोबर येतात, पण मध्येच एखादी एकाने जास्त. ५ + ३ चे चक्क ९! आणि इतका हळू अ‍ॅडर वापरतं तरी कोण?»

गेटं तपासत बसू नका. ९ यायच्या आधी कोणती बेरीज केली होती ते आठवा. ती २५५ च्या वर गेली असणार.

२०० + १०० घ्या. एककाच्या बाजूने एकेक बिट येतो. पहिल्या सहा क्लॉकला हातचा शून्यच राहतो. सातव्याला १ आणि १ येतात, म्हणजे बेरीज ०, हातचा १. आठव्याला १, ० आणि तो हातचा, पुन्हा बेरीज ०, हातचा १. उत्तरात ४४ उरतात आणि २५६ किमतीचा हातचा फ्लिप-फ्लॉपमध्ये बसून राहतो. मग ५ + ३ चा पहिला क्लॉक पडला की तोच हातचा एककाच्या घरात मिळवला जातो. झाले ९.

खात्री करायची तर २०० + १०० नंतर लगेच ० + ० करा. १ येईल. परत ० + ० केलंत की ०.

उपाय एका वायरचा आहे. ७४१६५ चा लोड पिन लो केल्यावर आकडा भरतो आणि ७४७४ चा क्लिअरही लोवरच चालतो. लोडचीच वायर क्लिअरला द्या, म्हणजे आकडे भरताना हातचा पुसला जाईल. मात्र नववा बिट हवा असेल तर त्याआधी वाचून घ्या. अंबडला नोकरीला लागलो त्या वर्षी मीही एका कार्डावर हीच वायर विसरलो होतो. टेबलावर सगळे छोटेच आकडे तपासले, म्हणून तिथे ते कधी चुकलंच नाही.

आता हळूपणाचं. आठ फुल अ‍ॅडर एकापुढे एक जोडले, तरी हातच्याला आठही घरांतून जावंच लागतं. सिरियलमध्ये तोच प्रवास एका अ‍ॅडरमधून आठ वेळा होतो, फक्त दर खेपेला फ्लिप-फ्लॉपचा उशीर वाढतो. त्यामुळे क्लॉक जमेल तितका वेगात ठेवला तर आठपट फरक पडत नाही. सगळ्या सर्किटचा क्लॉक आधीच ठरलेला असेल, तर मात्र एकाऐवजी आठ क्लॉक सरळ जातात.

जागेचा फायदाही आकडे मुळात बिट-बिट येत असतील तरच. तुमच्या बोर्डावर अ‍ॅडरपेक्षा शिफ्ट रजिस्टरंच जास्त जागा खातायत, बघा. वापरतं कोण म्हणाल, तर १९६६ चा PDP-8/S हा संगणक असाच बिट-बिट बेरीज करायचा. मूळ PDP-8 पेक्षा स्वस्त, पण बराच संथ.