लांब केसांच्या फोटोवर आखूड बॉब करून बघायचा, तर मान कुठून आणायची?

प्रश्न: माझे केस कमरेपर्यंत आहेत. हनुवटीपर्यंत बॉब करायचा विचार आहे, पण आधी फोटोवर बघायचंय. ॲपमध्ये केस आखूड होतात, पण मान बाटलीसारखी लांब आणि गुळगुळीत दिसते, खांदे तर भलतेच कुणाचे वाटतात. घरच्या घरी विश्वास बसेल असा फोटो कसा करता येईल? मी कोल्हापुरात असते.

उत्तर:

तुमच्या फोटोत केसांमागची मान आणि खांदे मुळात आलेलेच नाहीत, म्हणून ॲप ते अंदाजाने रंगवतं. सगळी गडबड तिथे आहे. मी इथे शाहूपुरीत एका स्टुडिओत फोटो दुरुस्तीचं काम करते आणि माझं ठाम मत आहे की मान रंगवत बसू नये, तिचा वेगळा फोटो काढावा. एक फोटो केस वर बांधलेला आणि एक मोकळे सोडलेला. खालचा भाग पहिल्यातून घ्यायचा, चेहरा आणि केस दुसऱ्यातून. एवढं केलंत तर निम्म्याहून जास्त काम कॅमेऱ्यानेच झालेलं असतं.

मात्र दोन्ही फोटो एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. माझ्या भाचीसाठी राजारामपुरीतल्या तिच्या घरी हेच केलं, ते सांगते. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, उजेड एकाच बाजूने येईल अशी. मोबाईल स्टँडवर, तिच्या हनुवटीच्या उंचीला, साधारण दोन मीटर लांब. हातात धरून जवळून सेल्फी काढला तर नाक मोठं आणि खांदे बारीक दिसतात, मग बॉब कसा दिसतो हे कळायचा मार्गच बंद. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक केला. ही पायरी गाळू नका. फ्रेममध्ये काळेभोर केस जास्त असले की मोबाईल आपोआप फोटो उजळ करतो, केस बांधले की कमी उजळ करतो, आणि मग दोन फोटोंतली त्वचा दोन रंगांची निघते.

आधी बांधलेल्या केसांचा फोटो काढा, मोकळ्या केसांचा नंतर. केस बांधायला हात वर गेले की खांदे उचलले जातात आणि परत त्याच जागी येत नाहीत. भाचीचे केस आधीच एका क्लचरमध्ये उंच बांधले होते. तसा फोटो झाल्यावर तिच्या आईने मागे उभं राहून क्लचर काढला, केस दोन्ही बाजूंनी पुढे आणले आणि ती फ्रेमबाहेर गेल्यावर लगेच दुसरा फोटो घेतला. भाची जागची हलली नाही. तिने गळ्यात गुजरीतून घेतलेली ठुशी घातली होती आणि ती तशीच ठेवायला मीच सांगितलं. ठुशी गळ्यालगत बसते, त्यामुळे मानेची रुंदी आणि उंची यांची खूण फोटोत आपोआप येते. पुढे कुठे मान ताणली गेली की ठुशीवर लगेच कळतं.

आता जोडणी. मी ब्राउझरमध्ये उघडणारं Photopea वापरलं, ते फुकट आहे. बांधलेल्या केसांचा फोटो खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर, आणि मोकळ्या केसांचा त्याच्या वरच्या लेयरवर. वरच्या लेयरचा मोड Difference केला की जिथे दोन्ही फोटो जुळतात तिथे काळं दिसतं. डोळे, ओठ आणि ब्लाउजचे काठ काळे होईपर्यंत वरचा फोटो सरकवायचा, मग मोड परत Normal. डोळे जुळून खांदे जुळत नसतील तर मान हललेली आहे. अशा वेळी ताणून बसवण्यापेक्षा फोटो पुन्हा काढलेला बरा.

वरच्या लेयरला मास्क लावा आणि काळ्या ब्रशने जबड्याच्या रेषेखालचं सगळं झाका, म्हणजे खालचा फोटो दिसू लागेल. समोरून दिसणारी मान दोन्ही फोटोंत आहे, तरी ती वरच्या फोटोतून घेऊ नका. लांब केसांची सावली त्या मानेवर उभ्या पट्ट्यासारखी पडलेली असते. केस कापले आणि सावली राहिली, तर बघणाऱ्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. ॲपवाल्या फोटोंत ही चूक सर्रास दिसते.

इथवर आलात की बॉब झालाय असं वाटेल, पण अजून तो टोपासारखा दिसेल. कारण मागचे केस. हनुवटीपर्यंतच्या बॉबमध्ये मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या कोपऱ्याखाली, मागच्या केसांचा आतला भाग दिसतो. खालच्या फोटोत केस वर बांधलेले आहेत, म्हणून तिथे भिंत दिसतेय. दोन फोटोंच्या मध्ये नवा लेयर घ्या, तुमच्याच केसांतला सर्वांत गडद रंग उचला आणि मानेच्या कडेपासून बाहेर, पुढच्या केसांच्या टोकांच्या जरा वरपर्यंत तो भाग भरा. मानेवर रंग चढू देऊ नका. थोड्या उभ्या रेषा ओढल्या तर पुरे, कारण तो भाग सावलीतच असतो. भाचीच्या फोटोत हा तुकडा भरल्याबरोबर मान एकदम योग्य जाडीची दिसायला लागली. मानेला मी हातही लावला नव्हता.

त्यानंतर सावली. केस बांधलेल्या फोटोत मान मोकळी आहे, तिच्यावर उजेड जास्त आहे. बॉब असता तर केसांनी तो थोडा अडवला असता. आणखी एक लेयर, मोड Multiply, आणि रंग काळा किंवा करडा नव्हे, तर त्याच फोटोत हनुवटीखाली जी तपकिरी-तांबूस सावली आहे तिथून उचललेला. करड्या सावलीने त्वचा मळकट दिसते. आमच्याकडे खिडकी भाचीच्या डाव्या हाताला होती, म्हणून सावली मानेच्या उजव्या बाजूला जास्त आणि डाव्या बाजूला अगदी पुसट. केसांच्या टोकांलगत सावलीची कड थोडी स्पष्ट असते आणि खाली उतरताना ती विरत जाते. सगळीकडे सारखी मऊ केलीत तर केस तरंगल्यासारखे दिसतात. ठुशीच्या मण्यांवरही तीच सावली यायला हवी.

केसांची टोकं सर्वांत शेवटी करा. मास्कची कड मोठ्या मऊ ब्रशने केली तर टोकं धुरासारखी विरतात, पट्टीने आखल्यासारखी केली तर कागद कापल्यासारखी. मी कड बऱ्यापैकी कठीण ठेवते आणि मग दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने काही बटा खाली, काही वर अशा मोकळ्या करते. शिवाय लांब केस स्वतःच्या वजनाने खाली ओढलेले असतात. कापल्यावर ते वजन जातं, केस थोडे वर चढतात आणि कानाखाली फुगतात, कुरळे असतील तर बरेच. म्हणून केसांचा भाग वेगळा करून Filter मधल्या Liquify ने जबड्याजवळ किंचित बाहेर ढकला. गालाची किंवा जबड्याची रेषा त्याबरोबर सरकली नाही ना, हे मात्र बघा. चेहरा बारीक झाला तर बॉब तुम्हाला शोभतोय की चेहरा बदललाय, हेच कळेनासं होईल.

तपासायला फोटो आडवा उलटा करा, डोळा सरावलेला असतो तो ताजा होतो. मग अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा. लहान आकारात मान लांब वाटली तर बहुतेक वेळा मागचे केस कमी पडलेले असतात किंवा सावली फिकी असते. मान आवळून लहान करण्याचा मोह टाळा.

तुमच्याकडे एखादा जुनाच फोटो असेल आणि तोच वापरायचा असेल, तर काम अवघड आहे पण थोडंफार जमतं. मानेची बाजू समोरून बघताना कानाच्या पाळीखालून, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा आतून निघते आणि खाली येताना बाहेर पसरत खांद्याच्या उतारात मिसळते. तिथे काटकोन कधीच नसतो. ॲप नेमका तोच काटकोन करतं. केस एकाच खांद्यावर असतील तर दुसरा खांदा उलटा करून वापरता येतो, पण उजेडाची बाजूही उलटी होते, ती सुधारावी लागते. साडीतला फोटो असेल तर हा मार्ग सोडा, पदर डाव्या खांद्यावर असतो आणि उजव्यावरही पदर आला की फोटो हास्यास्पद होतो. नव्याने भरलेली त्वचा चेहऱ्याच्या मानाने फार गुळगुळीत राहते, तिथे Filter मधून थोडा Noise घाला.

भाचीला मी तीन लांबी करून दाखवल्या, हनुवटीपर्यंत, मानेच्या मध्यापर्यंत आणि खांद्याला टेकणारी. मास्क असल्यामुळे दुसरी-तिसरी लांबी करायला फारसा वेळ लागत नाही, मात्र मागचे केस आणि सावली दर वेळी नव्याने जुळवावी लागते. खांद्याला टेकणारे केस फोटोत सरळ दिसतात, प्रत्यक्षात ते खांद्यावर आपटून बाहेर वळतात, म्हणून त्या चित्रावर मी फार भर देऊ नको म्हटलं. तिने मानेच्या मध्यापर्यंतची लांबी निवडली.

पार्लरमध्ये नुसता फोटो दाखवू नका. कानाच्या पाळीपासून टोकांपर्यंत किती बोटं अंतर आहे ते फोटोत बघा आणि कोरड्या केसांवर तेवढंच दाखवा, कारण ओले केस लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात. समोरच्या फोटोतून मानेमागची कापणी काहीच कळत नाही. मागे सरळ हवं की उतरतं, आणि मानेच्या खळग्यात केसांना भोवरा आहे का, हे त्यांना आधी बघायला सांगा.