१७^२०२३ ला ३५ ने भागल्यावर बाकी: चक्र न लिहिता

प्रश्न: १७ च्या २०२३ व्या घाताला ३५ ने भागल्यावर बाकी किती? मी १७ चा वर्ग, घन असं करत बाक्या लिहीत जातो आणि त्या परत कुठे फिरतात ते बघतो, पण मध्येच गुणाकार चुकतो. भाजक मूळ संख्या असेल तर फर्माचं प्रमेय लावता येतं, पण ३५ सारख्या संयुक्त संख्येला काय करायचं?

उत्तर: बाकी ३ उरते, आणि ती चार गुणाकारांत निघते.

फर्माच्या प्रमेयात घातांकाला (भाजक − १) ने भागून लहान करतात. संयुक्त भाजकासाठी त्या जागी ऑयलरचं फाय फलन येतं. φ(३५) म्हणजे १ ते ३५ मधल्या अशा संख्या किती, ज्यांचा ३५ शी मसावि १ आहे. ३५ संख्यांमधून ५ च्या पटीतल्या ७ काढा, ७ च्या पटीतल्या ५ काढा. ३५ ही संख्या दोन्हींकडे काढली गेली, म्हणून १ परत मिळवा. उरल्या २४. हेच (५ − १) × (७ − १) असंही लिहितात.

आता २०२३ ला २४ ने भागा. २४ × ८४ = २०१६, बाकी ७. त्यामुळे १७^२०२३ ऐवजी १७^७ ची बाकी काढली की पुरे. प्रत्येक गुणाकारानंतर लगेच ३५ च्या पटी वजा करत जायचं, आकडा मोठा होऊच द्यायचा नाही:

```
17^2 = 289 → 289 − 280 = 9
17^4 → 9 × 9 = 81 → 11
17^6 → 11 × 9 = 99 → 29
17^7 → 29 × 17 = 493 → 493 − 490 = 3
```

शेवटच्या ओळीत २९ ऐवजी −६ घेतलं तर काम आणखी हलकं होतं: −६ × १७ = −१०२, त्यात १०५ मिळवले की ३.

घातांकातून २४ च्या पटी टाकून द्यायला परवानगी कुठून मिळते, हे समजून घ्या, कारण कुठे थांबायचं तेही त्यातूनच कळतं. ३५ शी सहमूळ असलेल्या त्या २४ संख्या एका ओळीत मांडा: १, २, ३, ४, ६, ८, ९, ११ असं करत ३४ पर्यंत. प्रत्येकीला १७ ने गुणून ३५ ने भागा. १ चे १७ होतात, २ चे ३४, ३ चे १६, ४ चे ३३, ६ चे ३२, ८ चे ३१. नवी एकही संख्या येत नाही आणि कुठलीही दोनदा येत नाही. १७ आणि ३५ सहमूळ असल्यामुळे दोन वेगळ्या बाक्या १७ ने गुणून एकच होऊ शकत नाहीत. म्हणजे तीच २४ माणसं, फक्त खुर्च्या बदलून बसलेली. सगळ्यांचा गुणाकार त्यामुळे तोच राहतो. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर त्या गुणाकारात १७ चोवीस वेळा जास्तीचा आला आहे. दोन्ही बाजूंचा तो समान गुणाकार स्वतः ३५ शी सहमूळ आहे, म्हणून तो छाटता येतो, आणि उरतं १७^२४ ≡ १. हेच ऑयलरचं प्रमेय. २०१६ म्हणजे २४ च्या ८४ पटी, प्रत्येकीची बाकी १, त्यामुळे तो सगळा भाग निघून जातो.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे घातांकालाही ३५ ने किंवा ३४ ने भागणं. ३५ ने भागलं तर घातांक २८ उरतो आणि उत्तर ११ येतं. ३४ ने भागलं तर १७ उरतो आणि उत्तर १२ येतं. दोन्ही दिसायला ठीकच, म्हणून पडताळा घ्यायची सवय लावा. त्यासाठी ३५ फोडा. ५ ने भागताना १७ ची बाकी २, आणि २०२३ ला ४ ने भागून ३, म्हणून २^३ = ८, बाकी ३. ७ ने भागताना १७ ची बाकी ३, आणि २०२३ ला ६ ने भागून १, म्हणून बाकी ३. उत्तराला ५ ने आणि ७ ने भागून दोन्हीकडे ३ यायला हवेत. ३ ला ते जमतं. ११ ला ५ ने भागून १ उरतो, १२ ला ५ ने भागून २. दोघंही तिथेच पकडले जातात.

हा पडताळा आणखी एक गोष्ट उघड करतो. ५ कडे घात ४ पायऱ्यांत फिरून येतो, ७ कडे ६ पायऱ्यांत. दोन्ही एकदम जुळायला ४ आणि ६ चा लसावि, म्हणजे १२ पायऱ्या पुरतात. तुम्ही चक्र लिहीत गेलात तर ते १२ वरच बंद पडेल. ३५ शी सहमूळ असलेल्या कुठल्याही पायाचं चक्र १२ पेक्षा लांब नसतं. तरीही २४ वापरणं चूक नाही, कारण २४ ही १२ ची पट आहे. २४ वर बाकी नक्की १ येते एवढंच फाय सांगतं. ती त्याआधी येणार नाही असं ते कधीच म्हणत नाही. चक्राची लांबी किती, असा प्रश्न परीक्षेत आला तर फायचा आकडा लिहून मोकळं होऊ नका.

आता अट. वरच्या सगळ्या युक्तिवादात पाया ३५ शी सहमूळ हवा होता. पाया १० घेतला तर ५ हा सामाईक अवयव आहे आणि छाटाछाटच बंद होते. १०^२४ ची बाकी १ नाही, १५ आहे: ती ५ च्या पटीत असणारच, आणि ७ ने भागून १ उरायला हवा, तशी ३५ च्या आत १५ हीच संख्या. त्यामुळे १०^२०१६ मध्ये घातांक शून्य करून उत्तर १ लिहिलंत तर ते साफ चुकतं. खरी बाकी १५. गंमत म्हणजे १०^२०२३ चं उत्तर १०^७ वरून बरोबर येतं, ते १० आहे. ३५ मध्ये ५ आणि ७ एकेकदाच येतात, त्यामुळे कमी केलेला घातांक निदान १ राहिला तर गाडी चालते. शून्य आला तर शून्याच्या जागी २४ घ्या.

भाजकात एखादा मूळ अवयव दोनदा आला की ही सवलतही जाते. भाजक १२ घ्या, φ(१२) = ४. २^५ = ३२ ची बाकी ८, पण घातांक ५ चा १ केला तर बाकी २ येते. अशा वेळी मी घातांक कमी करून त्यात एकदा φ परत मिळवतो: ५ ला ४ ने भागून १, अधिक ४, पुन्हा ५. मूळ घातांक φ पेक्षा लहान नसेल तर हा नियम पाया कुठलाही असला तरी चालतो.